आक्काच्या हातची मासळी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आक्काला माहेरी आणायला वेंगुर्ल्याकडे गेलो आणि तिला न घेताच परत आलो. असं का झालं, हे आईला सांगताना मला नीट सांगता आलं नाही. मी माशांबद्दल बोलत होतो आणि आईला वाटत होतं की मी काहीतरी लपवतो आहे. म्हणून आता सावकाश लिहून बघतो. हेही नीट जमेल की नाही, खात्री नाही.

आम्ही खानापूरकडचे. भाताची थोडी शेती आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला, आणि बेळगावला कॉलेजात जातो याचा घरच्यांना जेवढा अभिमान आहे तेवढीच मला धास्ती. आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचे यजमान आमच्या गावच्या शाळेत दीड वर्ष मास्तर होते, मग त्यांची बदली त्यांच्याच मुलखात झाली, आणि जाताना त्यांनी आक्काला मागणी घातली. भला माणूस म्हणून आप्पांनी दिली. समुद्र, मासे, तिकडची बोली, या कशाचाच विचार तेव्हा कुणी केला नव्हता.

मासे आम्हालाही ठाऊक होते, पण आमच्या पद्धतीनं. पावसाळ्यात मलप्रभेचे बारके मासे, आणि एरवी लोंढ्यावरून आगगाडीनं येणारी सुकी मासळी. आई नदीचे मासे मटणासारखे करते. कांदा भाजायचा, खोबरं भाजायचं, लसूण सढळ हातानं, आणि रटरटा उकळायचं. आक्का तेच शिकून गेली होती.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. आंबोलीचा घाट उतरताना आमची मोटार दोनदा थांबली. संध्याकाळी आक्काच्या घरी पोचलो तेव्हा ती विहिरीवर पाणी ओढत होती. मला बघून हसली, पण घागर भरेपर्यंत दोर सोडला नाही.

घरात चार माणसं. भावोजी, आक्का, तिचे सासू-सासरे. सासरे फार कमी बोलत. सासूबाई मात्र बोलत, आणि त्यांचं बोलणं ऐकायला मला आवडे, निम्मं कळत नसलं तरी. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्या मला 'कॉलेजवाला' म्हणत.

रात्री जेवताना मी आप्पांचा निरोप सांगितला की आक्काला पंधरा दिवस पाठवावं. सासूबाईंनी भाताचा ढीग माझ्या ताटात केला आणि सांगितलं की ह्या खेपेला जमायचं नाही. त्यांच्या लेकीला दिवस भरत आले होते, खाडीपलीकडच्या गावात. पुढच्या शनिवारी बैलगाडी तिकडे जाणार होती, तिनं त्या जाणार आणि महिनाभर तिथेच राहणार. मग इथल्या चुलीचं कोण बघणार, हा प्रश्न. सासऱ्यांची एक विधवा चुलत बहीण होती, भावोजींची आत्या, तिला बोलावून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. शनिवारचीच गाडी त्या बाईंच्या गावावरून जात होती, जाता जाता निरोप देता आला असता.

मला हे ऐकून बरंच वाटलं. आत्या आल्या तर आक्का माझ्याबरोबर येऊ शकेल, असा माझा सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत आक्का पाट्यावर खोबऱ्याचं वाटप वाटत होती तेव्हा मी तिला तसं म्हणालो.

ती वाटायची थांबली.

"मला न्हाय यायचं," ती म्हणाली. "आईला काय सांगायचं ते सांग. दोन वर्सं झाली रं. पाणी वडते, वाटप वाटते, भांडी घासते. माशाला हात लावू देत न्हाईत मला. आत्या एकदा चुलीपाशी बसली की उठायची न्हाय. मग म्हातारी होऊस्तवर मी वाटपच वाटत बसीन."

मला आधी हे चमत्कारिक वाटलं. काम कमी आहे, तर वाईट काय? पण त्या घरात दोन दिवस राहिल्यावर थोडं कळलं. तिथे स्वयंपाक म्हणजे मासळी. बाकीचं सगळं, भात, पेज, सोलकढी, कुणीही करावं. मासळी जी करते, तिचं घर. आणि त्या साली तांदूळ मापून मिळत होता, भाज्या महाग होत्या, तेव्हा समुद्र जे स्वस्तात देई त्यावरच घर चालत होतं.

आक्कावर ही बंदी का आली तेही भावोजींनी हसत हसत सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाई तापानं पडल्या होत्या. आक्कानं हौसेनं पेडवे केले, बोटभर लांबीचे चंदेरी मासे, वाट्यानं, म्हणजे ढिगावर मिळणारे, सगळ्यात स्वस्त. तिनं ते आईच्या पद्धतीनं केले. कांदा-लसूण, भाजलेलं खोबरं, भरपूर उकळी, आणि वरून पळीनं ढवळलं. पातेल्यात मासा असा उरलाच नाही. काटे आणि लगदा. सासऱ्यांच्या घशात काटा अडकला आणि ते ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी वाडीभर झालं, "घाटावयल्या सुनेन पेडव्यांचा पिठला केल्यान." दोन वर्षांनीही विहिरीवर कुणीतरी तिला विचारत असे, आज पिठलं का मासे?

पडवीत माझ्याशी बोलली त्याच रात्री आक्कानं सासूबाईंपुढे मनातलं बोलायचं ठरवलं. मी तिथेच होतो. तिनं आत्यांचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली की तुम्ही जायला अजून आठवडा आहे, ह्या आठवड्याची मासळी मी घेते, मी करते. तुम्ही काही सांगू नका. बिघडलं तर आत्यांना बोलवा.

सासूबाई बराच वेळ पान जमवत बसल्या. मग म्हणाल्या, "बरा. मी तोंड उघडूचंय नाय."

आठवड्यात मासळीचे वार चार. रविवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार शंकराचा, गुरुवार आणि शनिवारही पाळायचे. म्हणजे आक्काच्या हाती चार दिवस होते.

मला वाटलं, इथे माझं शिक्षण उपयोगी पडेल. सासूबाईंनी आक्काला काही सांगायचं नव्हतं, पण रविवार उजाडायच्या आधी मी विचारलं तर? शनिवारी दुपारी मी वही घेऊन त्यांच्यापाशी बसलो. कोणता मासा कशाला, एवढंच विचारलं. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. बांगडा लहान असेल तर तिरफळ घालून आमटी, मोठा असेल तर चिरा देऊन तळायचा, आणि डोकी आमटीतच. पेडव्यांना तेल असतं, त्यांना तिरफळ पाहिजेच, नाहीतर उग्र लागतात. लेपे तळायचे. कर्ली तळायची. सुंगटं, म्हणजे बारकी कोळंबी, मूठभरच मिळाली तर ती भातात घालायची, कारण आमटीत घातली तर एकाच्या ताटात चार आणि दुसऱ्याच्या ताटात काही नाही असं होतं, भातात मात्र चव सगळ्यांना सारखी जाते. खारा बांगडा निखाऱ्यावर भाजून सकाळच्या पेजेबरोबर.

मी थक्क झालो. लिहिता वाचता न येणाऱ्या बाईच्या डोक्यात सगळं इतकं व्यवस्थित होतं. मी त्याचं चार वारांचं वेळापत्रक केलं. रविवारी बांगडा, मंगळवारी कर्ली, बुधवारी सुंगटांचा भात, शुक्रवारी लेपे. आक्काला वाचून दाखवलं. सासूबाई पलीकडून ऐकत होत्या.

"लिव, लिव," त्या म्हणाल्या. "आणि दर्याक पण वाचून दाखव."

रविवारी दर्यानं माझं ऐकलं. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली होती. रापण म्हणजे फार लांबलचक जाळं, ते होडीनं समुद्रात सोडून आणतात आणि दोन्ही टोकांनी पन्नास-साठ माणसं दोर धरून किनाऱ्यावर ओढतात. बांगडाच बांगडा पडला होता. आक्का टोपली घेऊन उभी राहिली. मासळीवाली तिला ओळखत होती, सासूबाईंच्या मागे पिशवी धरून उभी राहणारी सून म्हणून.

"सासू खय?" तिनं विचारलं. आक्का म्हणाली की आज मीच आहे. मग ती बाई मोठ्यानं हसली आणि शेजारणीला काहीतरी बोलली. आक्काचे कान लाल झाले, पण ती खाली बसली आणि एकेक बांगडा उचलून बघू लागली. भाव विचारत होती. मासळीवालीला तिची दया आली असावी.

"भाव कित्याक इचारतंस गो बाय, आज सगळ्यांचो एकच. डोळे बघ. गाल उघडून बघ."

आक्कानं डोळे बघितले, गालांखालचा लालपणा बघितला. लहान-मोठे मिसळून घेतले. त्या दिवशीचं जेवण चांगलं झालं. लहानांची आमटी, मोठे तळलेले. तळलेल्यांना तांदळाचं पीठ जरा जाड बसलं होतं, पण सासरे निमूट जेवले. सासूबाई ठरल्याप्रमाणे काही बोलल्या नाहीत. मी मनात म्हणालो, वेळापत्रक उत्तम चाललं आहे.

मंगळवारी त्या वेळापत्रकानंच घात केला, आणि चूक माझी होती. बाजारात पेडवे ढिगानं होते. कर्ली एकाच बाईपाशी होती, लांब, तलवारीसारखी, चकचकीत. आक्का पेडव्यांपाशी रेंगाळली. मी वही दाखवली. आज कर्ली लिहिली आहे, मावशींनीच सांगितलं आहे. आणि पेडव्यांवरून एकदा काय झालं ते ठाऊक असताना त्यांच्या वाटेला कशाला जायचं? आक्का माझ्याकडे बघत राहिली. माझ्या शिक्षणावर तिचा फार विश्वास. तिनं कर्ली घेतली.

माझ्या वहीत 'कर्ली तळायची' एवढंच होतं. कशी चिरायची ते मी विचारलं नव्हतं. ते विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. आक्कानं तिचे जाड तुकडे केले, हळद-मीठ-मसाला लावला, आमसुलाचा आंबट रस लावला, त्याला तिकडे आगळ म्हणतात, आणि खोबरेल तेलात खमंग तळले. वास फार सुंदर आला. पण कर्लीच्या मांसात केसासारखे काटे खच्चून भरलेले असतात. तिच्या दोन्ही अंगांना, अगदी जवळजवळ, कागद कापावा तशा बारीक चिरा द्याव्या लागतात. म्हणजे काटे तुटतात, तळल्यावर कुरकुरीत होतात आणि खाल्ले तरी कळत नाहीत. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या दुपारी सासरे अर्धा तास जेवत होते. एकेक घास बोटांनी चाचपून. त्यांच्या ताटाच्या कडेला काट्यांची रांग लागली. भावोजींनी विनोद करायचा प्रयत्न केला की आज जेवण म्हणजे शिवणकाम आहे. कुणी हसलं नाही. मी तर मान वर केलीच नाही. सासूबाई वाढता वाढता परातीतल्या तुकड्यांकडे बघत होत्या. त्यांना बोलायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. बोलल्या नाहीत. फक्त जेवण झाल्यावर भावोजींना विचारलं, गाडीवाला शनिवारी नक्की आत्येच्या गावावरून जातो ना?

आक्का पडवीत भांडी घासत होती. मी जवळ जाऊन माफी मागायला लागलो. वही तिला द्यायला निघालो, पण ती तरी काय करणार होती त्या वहीचं, तिला वाचता तर येत नाही.

"तुझी काय चूक रं," ती राखेनं पातेलं घासत म्हणाली. "मी त्या मासळीवालीला इचाराय पायजे होतं. इचाराय लाजले. घाटी म्हनतील म्हनून लाजले."

बुधवारी ती एकटीच गेली. मी लांबून मागे गेलो, ते तिला ठाऊक नव्हतं. ती मासळीवालीपाशी बसली आणि बसूनच राहिली. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. आक्का विचारत होती आणि ती बाई हातवारे करून सांगत होती. मध्येच तिनं कोयती घेऊन एका कर्लीला चिरा देऊन दाखवल्या. आजूबाजूच्या दोन-तीन बायका जमल्या, प्रत्येकीचं मत वेगळं, आणि त्यांच्यात आपापसात वाद सुरू झाला की पेडव्यांची डोकी ठेवायची की काढायची. आक्का मधे बसून ऐकत होती. घाटावरून आलेली म्हणून कुणी हसलं असेलही. तिनं त्या दिवशी ते मनाला लावून घेतलं नाही.

तिनं पेडवे घेतले. निघताना त्या बाईनं वरून मूठभर सुंगटं टोपलीत टाकली.

घरी ती काय करते ते मी दारातून बघत होतो. मातीचं भांडं. ओलं खोबरं, मिरची, धने, हळद यांचं गंधासारखं वाटप. ते तर ती दोन वर्षं वाटतच होती, त्यात तिचा हात सासूबाईंपेक्षाही बारीक होता. कांदा नाही, लसूण नाही, फोडणी नाही. तिरफळं ठेचली. मिरीपेक्षा मोठी असतात ती, आणि त्यांच्या वासानंच जिभेला झिणझिण्या येतात. आमटीला कढ आल्यावर पेडवे अलगद सोडले, वर आगळ, वर थोडं कच्चं खोबरेल. तिचा हात सवयीनं पळीकडे गेला. मी तो पाहिला. तो मधेच थांबला. मग तिनं फडक्यानं भांड्याचे दोन्ही काठ धरले आणि भांडंच हळूच गोल हलवलं, एकदा, पुन्हा एकदा. लगेच खाली उतरवलं.

ताटात पेडवे अख्खे आले. शेपटीसकट. सासऱ्यांनी एक उचलला, कण्यापासून मांस एका ओढीत सुटलं. त्यांनी कणा ताटाच्या कडेला ठेवला. सहा-सात कणे, सरळ, स्वच्छ.

"भात हाड गो," त्यांनी आणखी भात आणायला सांगितलं.

उकड्या तांदळाच्या जाड भाताला ती पातळ आमटी पाहिजेच असते, हे तेव्हा माझ्या जिभेला कळलं. आणि संध्याकाळी सुंगटांचा भात झाला. मूठभर कोळंबी, पाच माणसं, आणि कुणालाही कमी पडली असं वाटलं नाही.

पण सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. पेडवे हे मुळात हिनं बिघडवलेले मासे, ते सुधारले, एवढंच त्यांच्या लेखी झालं असेल. मंगळवारची कर्ली अजून हिशेबात होती. शुक्रवारवर सगळं आलं.

गुरुवारी रात्रीपासून वारा सुटला. शुक्रवारी सकाळी आभाळ भरलेलं, समुद्र मातकट, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. बाजारात मासळीच नव्हती. एका बाईपाशी तेवढी मोरी होती. मोरी म्हणजे मुशीची जात, शार्कची पिल्लं म्हणा, हातभर लांब, खवलं नाहीत, राखाडी कातडी खरखरीत. काटा एकच, मधला. नेहमीची मासळी असते तेव्हा तिला फारसं कुणी विचारत नाही, म्हणून स्वस्त.

या घरात दोन वर्षांत मोरी आलीच नव्हती. तिची कातडी खरवडायला हाताला जोर लागतो आणि सासूबाईंचं मनगट संधिवातानं धरलेलं, म्हणून अशा दिवशी त्या खाऱ्या बांगड्यावर भागवत. आक्कालाही तसं करता आलं असतं. मी तिला तेच म्हणालो. भाजलेला खारा बांगडा आणि सोलकढी. त्यात चूक व्हायला जागा नाही. ती म्हणाली, त्यात मी केलं असं तरी काय आसंल?

तिनं मोरी हातात घेतली. बोटानं दाबली. पुन्हा दाबली. मासळीवाली आज गडबडीत होती, पाऊस यायच्या आत तिला आवरायचं होतं, तिला विचारणार किती?

"ह्ये मासं न्हवं रं," आक्का हळूच म्हणाली. "ह्येचं मटान हाय."

घरी येऊन तिनं चुलीवर पाणी उकळलं आणि मोरीवर ओतलं. मग नारळाच्या सोडणानं, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीनं, कातडी घासून घासून काढली, खाली पांढरं स्वच्छ मांस दिसेपर्यंत. तीन-चार पाण्यांनी धुतलं, तेव्हा वास गेला. तुकडे करून हळद-मीठ लावलं. इथपर्यंत मी गप्प होतो. मग तिनं टोपलीतून कांदे काढले.

मी घाबरून म्हणालो, "आक्का, नको. परत कांदा-लसूण?"

तिनं कांदा निखाऱ्यात भाजायला ठेवला. खोबरं भाजलं. लसूण सोलली. गरम मसाल्याची पुडी आमच्या आईनं माझ्याबरोबर पाठवली होती, ती सोडली. वास सगळ्या घरात पसरला, आमच्या खानापूरच्या घरी रविवारी येतो तोच. आणि ओसरीवर सासूबाई उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना दारातून बघत होतो. त्यांनी आतल्या दिशेनं दोन पावलं टाकली. नाकाशी हात नेला. मला वाटलं, आता ह्या येतात आणि पातेलं उतरवतात. त्या तशाच उभ्या राहिल्या, मग परत जाऊन खाली बसल्या आणि सुपारी कातरायला लागल्या. दिलेला शब्द पाळणं त्यांना त्या क्षणी किती जड गेलं असेल याचा मी नंतर पुष्कळदा विचार केला आहे.

आत आक्का पळीनं ढवळत होती. मसाला परतून त्यात मोरी टाकली, थोडं पाणी, थोडं आगळ, आणि रटरटू दिलं. तुकडे मोडले नाहीत. ते मोडणारे नव्हतेच. पेडवे कढ सोसत नाहीत, मोरीला कढच पाहिजे. हा फरक तिला कुणी सांगितला नव्हता. माझ्या वहीत नव्हता.

पाऊस पडत होता तेव्हा आम्ही जेवायला बसलो. तांबडा, दाट रस्सा, वर तेलाचा तवंग. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. आम्ही सगळेच थांबलो. मग त्यांनी भाताचं आळं केलं, त्यात रस्सा ओतून घेतला आणि जेवायला लागले. दोनदा भात मागितला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा भात संपला होता, तर त्यांनी ताटातला रस्सा बोटानं पुसून घेतला. त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि भावोजींच्या चेहऱ्यावरून, त्यांनीही बऱ्याच दिवसांनी.

पुरुषांचं झाल्यावर त्या दोघी जेवायला बसल्या. मी मुद्दाम पाणी प्यायच्या निमित्तानं रेंगाळलो. सासूबाई सावकाश जेवल्या. बरंच जेवण झाल्यावर बोलल्या.

"कातडी कशान काढलंस?"

आक्का म्हणाली, "उकळतं पाणी वतून. सोडणानं घासलं."

"कोणी सांगल्यान?"

"कुणी न्हाय. आमच्याकडं बोकडाचं मुंडकं आणि पाय असंच साफ करत्यात. हात लावल्यावर वाटलं, ह्येला बी तसंच लागंल."

सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी आणखी एक तुकडा घेतला. मला वाटलं, आता त्या चांगलं म्हणतील. नाही म्हणाल्या. आक्काही तशी वाट बघत नव्हती. ती उरलेला रस्सा भाकरीनं पुसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती दिसत नव्हती, थोडा थकवा होता.

शनिवारी सकाळी गाडी दारात आली. सासूबाईंनी लेकीसाठी बांधलेलं गाठोडं ठेवलं, सुक्या मासळीची परडी ठेवली. भावोजींनी आठवण केली की आत्येला निरोप द्यायचा आहे ना, गाडीवाल्याला सांगून ठेवू?

"सांग," सासूबाई म्हणाल्या. "आत्येक म्हणा, सगळी बरी असत. येवची काय गरज नाय."

मग त्या गाडीत चढल्या. बसल्या, पदर सारखा केला, आणि बैल हलायच्या आधी आक्काला हाक मारली. आक्का चाकापाशी गेली.

"फुडच्या खेपेक मोरीत आगळ जरा कमी घाल," त्या म्हणाल्या. "आणि कर्ली घेतलंस तर बारीक चिरा दे गो. ह्यांका काटे सोसत नाय."

आक्कानं मान हलवली. गाडी माडांच्या पलीकडे गेली तरी ती रस्त्यावर उभी होती. मी जवळ गेलो. वाटलं होतं रडत असेल. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. घरात तीन माणसं उरतील, आणि उद्या रविवार, म्हणून वाटा अख्खा घ्यायचा की अर्धा, तिनं मला विचारलं. मग माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच ठरवलं की तू उद्यापर्यंत हाईस, अख्खाच घेऊ.

सोमवारी मी निघालो. आईनं मोटारीच्या स्टँडपर्यंत माणूस पाठवला होता, आक्का येणार म्हणून. मी एकटा उतरलो. घरी गेल्यावर मी पेडव्यांपासून सुरुवात केली, आणि आई म्हणाली की ते मासं-बिसं राहू दे, पोरगी सुखात हाय का न्हाय तेवढं सांग. मी व्हय म्हणालो. तिला ते पटलं नाही. तिच्या दृष्टीनं, सुखात असलेली पोर माहेरी यायला नाही म्हणत नाही.